‘पार्सल मिळालेच नाही’, ‘हा व्यवहार माझा नाही’: चार्जबॅक आल्यावर ऑर्डरच्या नोंदी कशा वाचाव्यात

ग्राहकाने कार्डाने पैसे भरून माल मागवला, माल त्याच्या घरी पोहोचला, आणि दोन महिन्यांनी त्याने आपल्या बँकेला कळवले की ‘पार्सल मिळालेच नाही’ किंवा ‘हा व्यवहार मी केलेलाच नाही’, तर बँक ते पैसे दुकानाकडून परत घेण्याची प्रक्रिया सुरू करते. या प्रक्रियेला चार्जबॅक म्हणतात. खरेदी खरी असूनही तक्रार खुद्द कार्डधारकाकडूनच आली असेल, तर त्या प्रकाराला या व्यवसायात ‘फ्रेंडली फ्रॉड’ असे नाव पडले आहे. हे नाव थोडे दिशाभूल करणारे आहे, कारण त्यात जाणूनबुजून खोटे बोलणारा ग्राहक येतो, तसाच खरेदी विसरून गेलेला ग्राहकही येतो, आणि मुलाने किंवा आईने घरातले कार्ड वापरले हे ठाऊक नसलेला कार्डधारकही येतो. बँकेकडून येणारी सूचना तिघांच्याही बाबतीत शब्दशः सारखी असते. फरक दिसतो तो ऑर्डरच्या नोंदींत, आणि तो कसा पाहायचा हे पुढे पायरीपायरीने मांडले आहे. भारतात आणि परदेशातही माल पाठवणाऱ्या लहान किंवा मध्यम आकाराच्या दुकानात जी व्यक्ती ऑर्डर आणि पेमेंटचे काम नव्याने पाहू लागली आहे, ती माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पहिली पायरी: तक्रार नेमकी कोणती आहे ते कोडवरून पाहा

पेमेंट गेटवेच्या सूचनेत रक्कम आणि उत्तराची मुदत यांच्यासोबत एक रिझन कोड असतो, आणि पुढचे सगळे काम त्या कोडवर अवलंबून असते. व्हिसा कार्डावर 10.4 हा कोड असेल, तर ‘कार्ड समोर नसताना झालेला हा व्यवहार माझा नाही’ असे ग्राहकाचे म्हणणे आहे, 13.1 असेल, तर ‘व्यवहार माझाच, पण माल मिळाला नाही’ असे म्हणणे आहे. मास्टरकार्डवर पहिल्या प्रकाराला 4837 आणि दुसऱ्या प्रकाराला 4853 हा कोड येतो, मात्र 4853 मध्ये सदोष मालासारख्या इतर तक्रारीही मोडतात, म्हणून तेथे सोबतचा मजकूर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नव्या माणसाकडून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एका कोडला दुसऱ्या कोडचा पुरावा देणे. ‘व्यवहार माझा नाही’ म्हणणाऱ्याला कुरिअरची पावती पाठवली, तर त्याच्या मुद्द्याला उत्तर मिळत नाही, कारण चोरलेल्या कार्डावर मागवलेले पार्सलही कुठेतरी पोहोचतेच. उलट ‘माल मिळाला नाही’ म्हणणाऱ्याला ओटीपीची नोंद दाखवून काहीच सिद्ध होत नाही, कारण पैसे आपणच भरले हे त्याने आधीच मान्य केलेले असते.

भारतीय कार्डांबाबत एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेने 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली असल्यामुळे देशातल्या देशातल्या कार्ड खरेदीवर सहसा ओटीपी लागतो, आणि अशा पडताळलेल्या व्यवहारात ‘मी केला नाही’ या तक्रारीची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. त्यामुळे देशातील ग्राहकांकडून येणाऱ्या तक्रारींत माल न मिळाल्याच्या तक्रारी अधिक दिसतात, तर व्यवहार न ओळखल्याच्या तक्रारी प्रामुख्याने परदेशी कार्डांवर येतात, कारण तेथे अशी पडताळणी न होताही व्यवहार पूर्ण होऊ शकतो.

दुसरी पायरी: एका ऑर्डरचा कालक्रम एका कागदावर उतरवा

इतर कोणताही आकडा पाहण्याआधी त्या एका ऑर्डरच्या तारखा ओळीने लिहून काढाव्यात: ऑर्डर दिल्याची वेळ, पैसे जमा झाल्याची वेळ, पार्सल निघाल्याचा दिवस, कबूल केलेला डिलिव्हरीचा दिवस, कुरिअरने ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद केल्याची वेळ, ग्राहकाने दुकानाशी केलेला प्रत्येक संपर्क, आणि बँकेकडे तक्रार गेल्याचा दिवस.

ज्याला पार्सल खरोखर मिळालेले नसते तो ग्राहक सहसा आधी दुकानालाच विचारतो. कबूल केलेला दिवस उलटला की एक-दोन दिवसांत त्याचा फोन किंवा मेसेज येतो, ‘ट्रॅकिंगवर पोहोचले असे दिसते आहे, पण घरी कुणीच आणून दिलेले नाही’ असे तो सांगतो, दोनदा आठवण करून देतो, आणि मग कंटाळून बँकेकडे जातो. याउलट ‘डिलिव्हर्ड’ नोंदीनंतर पन्नास दिवस पूर्ण शांतता आणि मग थेट बँकेकडे तक्रार, असा कालक्रम दिसला तर लक्ष द्यावे. मात्र हे अंतर कार्डाच्या मासिक बिलाशीही ताडून पाहावे. ‘व्यवहार माझा नाही’ ही तक्रार बिल आल्यानंतरच्या दोन-चार दिवसांत आली असेल, तर बिलावरचे नाव ग्राहकाला ओळखता आले नाही ही शक्यता मोठी असते, आणि तेथे खोटेपणा शोधत बसण्यात अर्थ नसतो.

डिलिव्हरीनंतर काय घडले हेही याच कागदावर यायला हवे. त्या खात्यातून नंतर पुन्हा लॉगिन झाले का, त्याच वस्तूबद्दल कुणी काही विचारले का, अभिप्राय लिहिला का, मापाबद्दल किंवा धुण्याबद्दल प्रश्न आला का, हे पाहावे. साडी मिळालीच नाही म्हणणाऱ्या ग्राहकाने तीच साडी ड्राय क्लीनला द्यावी लागेल का असे डिलिव्हरीनंतर चौथ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलेले असेल, तर कुरिअरच्या सहीपेक्षा तो एक मेसेज अधिक बोलका ठरतो. असा मेसेज बहुधा विक्री विभागातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये पडून असतो आणि पेमेंट पाहणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून तो मुद्दाम विचारून मिळवावा लागतो.

तिसरी पायरी: ग्राहकावर संशय घेण्याआधी कुरिअर तपासा

ही पायरी मी आग्रहाने आधी ठेवतो, कारण ती वगळल्यामुळे प्रामाणिक ग्राहकांना खोटे ठरवले गेल्याचे मी पाहिले आहे. एका दुकानात एका महिन्यात माल न मिळाल्याच्या 11 तक्रारी आल्या, आणि दुकानदाराची समजूत झाली की लोकांना ही युक्ती सापडली आहे. आम्ही त्या तक्रारी पिनकोड आणि कुरिअर यांनुसार लावल्या, तेव्हा 7 तक्रारी शेजारशेजारच्या दोन पिनकोडांतल्या आणि एकाच कुरिअरच्या निघाल्या. ग्राहक सात वेगवेगळे होते, त्यांचे फोन, पत्ते आणि जुन्या ऑर्डर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि त्यांतल्या पाच जणांची वर्षभरातली ही पहिलीच तक्रार होती. मग ‘डिलिव्हर्ड’ नोंदींच्या वेळा पाहिल्या. एकाच दिवशीच्या चार पार्सलांची नोंद रात्री 8 वाजून 41 मिनिटे ते 8 वाजून 44 मिनिटे या वेळात झालेली होती. ती चार घरे चार वेगळ्या सोसायट्यांत होती आणि तीन मिनिटांत ती कुणालाही गाठता आली नसती. दिवसाचे काम पूर्ण दाखवण्यासाठी डिलिव्हरी न करताच नोंद मारली गेली होती, हे त्यातून उघड झाले. त्या सात जणांचे पैसे परत करून दुकानाने कुरिअरकडे भरपाई मागितली.

यातून उपयोगी पडणारी कसोटी साधी आहे. तक्रारी एका कुरिअरभोवती आणि एका भागात गोळा होत असतील आणि ग्राहक एकमेकांशी असंबद्ध असतील, तर दोष वाहतुकीत शोधावा. तक्रारी एका घराभोवती किंवा एका फोनभोवती गोळा होत असतील आणि कुरिअर मात्र दर वेळी बदलत असेल, तर ग्राहकाकडे पाहावे. त्या दुकानातल्या उरलेल्या 4 तक्रारींपैकी 3 दुसऱ्या प्रकारच्या होत्या, आणि त्या सापडल्या पुढच्या पायरीत.

चौथी पायरी: विखुरलेल्या ऑर्डर एका घराशी जोडा

त्या तीन तक्रारी तीन वेगळ्या नावांनी आणि तीन वेगळ्या ईमेल खात्यांवरून आल्या होत्या, त्यामुळे ग्राहकाच्या खात्यानुसार शोधले असता प्रत्येकाची एकच तक्रार दिसत होती. पत्ते मात्र ‘बी विंग, फ्लॅट नं. 302’, ‘302/बी’ आणि ‘बी-302, तिसरा मजला’ असे होते, आणि सोसायटीचे नाव तिन्हींत होते. माणसाच्या डोळ्याला हे एकच घर आहे हे लगेच कळते. संगणकाला ते तीन निरनिराळे मजकूर वाटतात. म्हणून जुळवणीसाठी पत्त्याची एक साधी चावी तयार करावी लागते: पिनकोड, सोसायटीच्या नावाचा पहिला शब्द, विंगचे अक्षर आणि फ्लॅटचा आकडा, एवढेच घ्यायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. केवळ पिनकोड आणि फ्लॅटचा आकडा घेतला तर एका भागातले सगळे 302 क्रमांकाचे फ्लॅट एकत्र येतील, म्हणून सोसायटीचे नाव वगळू नये. महिन्याला चार-पाचशे ऑर्डर असलेल्या दुकानात ही चावी एक्सेलमध्ये हातानेही भरता येते.

चावी भरल्यावर पुढचा प्रश्न डेटाबेसला असा विचारता येतो. येथे `ship_key` या रकान्यात ही चावी आहे आणि `not_received` या रकान्यात तक्रार असल्यास 1 आणि नसल्यास 0 आहे असे धरले आहे.

```sql
SELECT ship_key,
       COUNT(*) AS orders,
       SUM(not_received) AS claims,
       COUNT(DISTINCT CASE WHEN not_received = 1
                           THEN courier END) AS couriers
FROM orders
WHERE order_date >= '2024-01-01'
GROUP BY ship_key
HAVING SUM(not_received) >= 2
ORDER BY claims DESC;
```

उत्तर वाचताना `claims` हा आकडा एकटा वाचू नये. 40 ऑर्डरींत 2 तक्रारी करणारे घर हे दुकानाचे चांगले गिऱ्हाईक आहे आणि त्याच्या दोन्ही तक्रारी बहुधा खऱ्या आहेत; 3 ऑर्डरींत 3 तक्रारी करणाऱ्या घराची गोष्ट वेगळी. `couriers` या रकान्यात 1 असेल तर तिसऱ्या पायरीकडे परत जावे. 302 क्रमांकाच्या त्या फ्लॅटच्या बाबतीत ऑर्डर 4, तक्रारी 3 आणि कुरिअर 3 असे उत्तर आले. ज्या एका ऑर्डरवर तक्रार नव्हती ती सर्वांत पहिली आणि सर्वांत स्वस्त होती, आणि नंतरच्या तिन्ही ऑर्डरी सहज विकल्या जाणाऱ्या महाग वस्तूंच्या होत्या. हाच प्रश्न `ship_key` ऐवजी फोन क्रमांकावर आणि मग उपकरणाच्या ओळख क्रमांकावरही चालवावा, कारण पत्ता बदलणारा माणूस फोन बदलतोच असे नाही.

येथे एक मर्यादा मान्य करायलाच हवी. एका पत्त्यावर अनेक तक्रारी येण्याला वसतिगृह, भाड्याची खोली, किंवा रखवालदाराकडे पार्सल ठेवण्याची पद्धत अशी साधी कारणे असू शकतात. नोंदींवरून काय घडले याचा अंदाज बांधता येतो, माणसाच्या मनात काय होते ते त्यांत लिहिलेले नसते. म्हणून अशा घराला दुकानाच्या नोंदीत ‘चोर’ असा शिक्का मारू नये. पुढच्या ऑर्डरीला ओटीपी घेऊनच पार्सल देण्याची अट घालावी, आणि तेवढ्याने तक्रारी थांबतात का ते पाहावे.

पाचवी पायरी: ‘व्यवहार माझा नाही’ याला जुन्या ऑर्डरींनी उत्तर द्या

10.4 या कोडसाठी व्हिसाचा एक नियम 15 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि तो ‘कम्पेलिंग एव्हिडन्स 3.0’ या नावाने ओळखला जातो. त्याचा आशय असा की त्याच कार्डावर त्याच दुकानात आधी झालेले, तक्रार न आलेले दोन व्यवहार दाखवता आले आणि त्यांतले तपशील वादातल्या व्यवहाराशी जुळले, तर जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. ते जुने व्यवहार तक्रारीच्या तारखेपूर्वी किमान 120 आणि जास्तीत जास्त 365 दिवस या काळातले हवेत. आयपी पत्ता, उपकरणाची ओळख, माल पोहोचवण्याचा पत्ता आणि लॉगिन खाते या चारांपैकी किमान दोन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि त्या दोहोंपैकी एक आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख असलीच पाहिजे.

हे एका उदाहरणावर पाहू. समजा न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाने पुण्यातल्या दुकानातून 14 सप्टेंबर 2024 रोजी गणेशोत्सवाच्या सवलतीत दोन साड्या मागवल्या, आणि 20 नोव्हेंबर 2024 रोजी कार्डधारकाने ‘हा व्यवहार मी ओळखत नाही’ अशी तक्रार केली. खात्यावर आधीच्या तीन ऑर्डरी आहेत: 9 फेब्रुवारी, 2 मे आणि 11 ऑगस्ट 2024. तक्रारीच्या तारखेपासून मागे मोजले तर फेब्रुवारीची ऑर्डर 285 दिवस, मेमधली 202 दिवस आणि ऑगस्टमधली 101 दिवस मागे पडते. ऑगस्टची ऑर्डर सर्वांत ताजी म्हणून नवा माणूस तीच आधी पुढे करतो, पण ती 120 दिवसांच्या आतली असल्यामुळे या नियमात बसत नाही. उरलेल्या दोन बसतात.

आता तपशील जुळवू. फेब्रुवारी, मे आणि सप्टेंबर या तिन्ही ऑर्डरींत लॉगिन खाते एकच आहे आणि पत्ताही तोच आहे, तरी एवढ्याने भागत नाही, कारण आयपी किंवा उपकरण यांपैकी एक जुळायलाच हवे. फेब्रुवारी आणि मेमधले आयपी पत्ते एकमेकांशी जुळतात, सप्टेंबरचा मात्र वेगळा आहे, कारण ती ऑर्डर घरच्या इंटरनेटवरून न देता मोबाइल नेटवर्कवरून दिलेली होती. येथे बहुतेक दुकानांचा पुरावा संपतो. या दुकानाने प्रत्येक ऑर्डरसोबत उपकरणाची ओळख साठवलेली असल्यामुळे तिन्ही ऑर्डरी एकाच फोनवरून दिल्या गेल्या हे दाखवता येते, आणि लॉगिन व उपकरण मिळून नियमाची अट पूर्ण होते. ऑर्डरच्या वेळी जी माहिती साठवली नाही ती तक्रार आल्यावर कुठूनही आणता येत नाही, म्हणून तुमच्या दुकानाच्या प्रणालीत या चारही गोष्टी ऑर्डरसोबत नोंदल्या जातात का हे आजच तपासावे, आणि ग्राहकाची ही माहिती ठेवली जाते हे गोपनीयता धोरणात स्पष्ट लिहावे. हा नियम फक्त व्हिसाचा आहे. इतर कार्डांसाठी हेच जुळणारे तपशील साधा पुरावा म्हणून पाठवावेत.

पुरावा भक्कम असला तरी मी अशा ग्राहकाला आधी एक नम्र संदेश पाठवतो, आणि त्यात आरोपाचा शब्दही येऊ देत नाही: ‘14 सप्टेंबरला आपल्या खात्यावरून दोन साड्या मागवल्या गेल्या होत्या, बिलावर आमच्या दुकानाऐवजी आमच्या नोंदणीकृत कंपनीचे नाव दिसते, तेव्हा घरातल्या कुणी ही खरेदी केली होती का, हे कृपया पाहावे.’ अनेकदा ‘अहो, आईने मागवल्या होत्या, मला कल्पनाच नव्हती’ असे उत्तर येते. अशा वेळी ग्राहकाला आपल्या बँकेत तक्रार मागे घ्यायला सांगावे, त्याचे ते लेखी उत्तर जपून ठेवावे, आणि तरीही मुदतीच्या आत गेटवेला पुरावा पाठवावाच, कारण ग्राहकाने तोंडी मान्य केल्याने बँकेतली प्रक्रिया आपोआप थांबत नाही.

सहावी पायरी: उत्तर लिहिताना

चार्जबॅक सुरू झाल्यावर वेगळा रिफंड करू नये. ग्राहकाच्या समाधानासाठी दुकानाने रिफंड दिला आणि बँकेनेही चार्जबॅकने पैसे काढून घेतले, तर रक्कम दोनदा जाते आणि ती परत मिळवणे फार कष्टाचे होते. माल खरोखर पोहोचलेला नाही अशी खात्री झाली असेल, तर गेटवेवर चार्जबॅक मान्य करणे हाच सरळ मार्ग आहे.

लढायचे ठरवले तर उत्तर एका पानात बसवावे, कारण बँकेत ते वाचणाऱ्या माणसासमोर अशी पुष्कळ प्रकरणे असतात. सुरुवातीला एका वाक्यात मुद्दा, मग तारीखवार घटना, आणि प्रत्येक घटनेपुढे जोडलेल्या कागदाचा क्रमांक, एवढे पुरते. 13.1 साठी ऑर्डरवरचा पत्ता आणि डिलिव्हरीचा पत्ता एकच असल्याचे दाखवणारी नोंद, सही किंवा ओटीपीने झालेली डिलिव्हरी, आणि डिलिव्हरीनंतरचा ग्राहकाचा संदेश ही तीन पाने सर्वांत उपयोगी पडतात. ‘सुरक्षारक्षकाकडे दिले’ अशी नोंद असेल तर ती लपवू नये. सोबत सोसायटीच्या वहीतली नोंद मिळते का ते पाहावे. कुरिअरच्या संकेतस्थळावरची ट्रॅकिंगची माहिती काही महिन्यांनी दिसेनाशी होऊ शकते, आणि चार्जबॅकसाठी ग्राहकाला साधारणपणे 120 दिवसांपर्यंतचा अवधी असतो, म्हणून महाग ऑर्डरीची डिलिव्हरीची नोंद त्याच आठवड्यात पीडीएफ करून ऑर्डर क्रमांकाच्या नावाने ठेवावी.

निकाल लागल्यावर तो ऑर्डरच्या नोंदीतच तीन रकान्यांत लिहावा: कोड, कोणता पुरावा दिला, आणि पैसे परत मिळाले की नाही. पहिले तीस-चाळीस निकाल जमले की कोणत्या कोडवर कोणता पुरावा आपल्या दुकानाला खरोखर उपयोगी पडतो ते त्यातूनच दिसू लागते. ‘व्यवहार ओळखत नाही’ या तक्रारींपैकी मोठा भाग बिलाच्या तारखेला चिकटून येत असेल, तर गेटवेच्या सेटिंगमध्ये जाऊन बिलावर दिसणारे नाव बदलून ग्राहकांना ठाऊक असलेले दुकानाचे नाव घालावे, स्वतःच्या कार्डावर एक लहान ऑर्डर देऊन ते पुढच्या बिलात कसे छापून येते ते पाहावे, आणि बदलाच्या तारखेआधीच्या व नंतरच्या तक्रारी वेगळ्या मोजाव्यात.